रोप आडवं पडलं, पण कशानं?



आषाढात झड लागली की रोपवाटिकेवाल्यांचे फोन सुरू होतात आणि वाक्य एकच असतं, "रोपं आडवी पडली." कुणाचा टोमॅटो, कुणाची मिरची, कुणाचा फ्लॉवर. पुढचा प्रश्नही ठरलेला, "काय मारू?" मी आधी विचारतो की रोप नेमकं कुठून वाकलंय ते बघितलं का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. ट्रे वरून बघितला की दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. एका प्रकारात बुरशीनं बूड सडून रोप कोलमडतं, ज्याला कृषीवाले डँपिंग ऑफ म्हणतात. दुसऱ्यात रोपाला रोग काहीच नसतो, उजेड कमी पडला म्हणून ते लांबट होतं आणि स्वतःच्याच डोक्याचं वजन त्याला पेलत नाही. पहिल्यात दोन दिवसांत ट्रे जातो. दुसऱ्यात रोप वाचतं, पण आपण चुकीचं औषध ओतून पाणी वाढवलं तर तेही पहिल्याच्या वाटेनं जातं. म्हणून आज फक्त या दोघांतला फरक सांगतो, आणि तो गेल्या पावसाळ्यात एकाच शेडमध्ये कसा बघायला मिळाला ते.

शेड आमच्या भावकीतल्या पुतण्याचं. निफाड तालुक्यात आमच्या पट्ट्यात पावसाळी टोमॅटो बरेच जण करतात, त्यानंही एक एकर धरला होता. ओळीत पाच फूट आणि झाडात दीड फूट अंतर धरलं की एकराला ५,८०८ झाडं बसतात. त्यानं १०४ कप्प्यांचे ६० ट्रे भरले, म्हणजे ६,२४० दाणे. हातात जादा रोपं ४३२. शंभरामागं सात रोपं गेली की शेतात तूट पडायला सुरुवात, असा हिशोब होता. बाराव्या दिवशी त्यानं मला बोलावलं तेव्हा शेडात जिकडंतिकडं रोपं लोळत होती.

"काका, दोनदा बुरशीनाशक सोडलं तरी थांबंना," तो म्हणाला.

"कुठलं सोडलं?"

"दुकानदारानं दिलं ते. कार्बेन्डाझिम."

औषधाचं पुढं सांगतो. आधी शेड कसं होतं ते सांगायला हवं, कारण निम्मं उत्तर तिथंच होतं. वर पॉलिथिन, तेही तीन वर्षांचं, धुळीनं आणि शेवाळानं मळकट झालेलं. त्याच्या खाली उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांसाठी बांधलेली ७५ टक्क्यांची हिरवी नेट तशीच राहिलेली. ट्रे थेट जमिनीवर, खाली फक्त कागद अंथरलेला. शेडाचा उतार पूर्वेकडं आणि त्या बाजूला पॉलिथिनचा जोड उसवून पागोळी थेट ट्रेवर गळत होती. बाहेर आठ दिवस सूर्यदर्शन नाही.

मी एक ट्रे उचलला, मधल्या रांगेतला. त्यात वीस-पंचवीस रोपं वाकलेली. एक रोप दोन बोटांत बुडाशी, म्हणजे कोकोपीटच्या अगदी लगत धरलं आणि हलकं दाबलं. दांडी टणक लागली. रंग पांढुरका हिरवा, पण बुडापासून बीजपानांपर्यंत एकसारखी जाडी, कुठंही चिमटा बसल्यासारखं नाही. वर ओढलं तर कप्प्यातला सगळा गोळा मुळांसकट हलला. बीजपानांच्या खालची दांडी मोजली तर जवळजवळ तीन इंच भरली. या वयाच्या टोमॅटोला ती एक-दीड इंचाची असायला हवी. रोप वाकलं होतं तेही धनुष्यासारखं, कमान करून, आणि त्याचा शेंडा परत वर वळायला लागला होता. हे अंधारानं लांबट झालेलं रोप. याला रोग नाही.

मग पूर्वेच्या पागोळीखालचा ट्रे उचलला. तिथं रोपं कमान करून नव्हती, ती कोकोपीटवर सपाट पडली होती. पानं मात्र अजून हिरवी. हिरवी पानं बघूनच माणूस फसतो, त्याला वाटतं रोप जिवंत आहे, पाणी कमी पडलं असेल, आणि तो अजून एक झारी ओततो. बूड धरलं तर बोटात भिजल्या कागदासारखं लागलं. पाव इंच भाग पाणी शोषल्यासारखा, करडा, दोऱ्याएवढा बारीक झालेला. ओढलं तर रोप हातात आलं आणि मूळ कप्प्यातच राहिलं. पुतण्याला म्हटलं, आता तू करून बघ. त्यानं दोन्ही ट्रेमधली पाच-पाच रोपं दाबून आणि ओढून बघितली. पुढं त्याला काही सांगावं लागलं नाही.

बुडाशीच का सडतं, हे समजून घेतलं की उपायही आपोआप सुचतात. पावसाळ्यात भिजलेल्या ट्रेमध्ये हे काम बहुतेक वेळा पिथियम करतं. आपण बोलताना त्याला बुरशी म्हणतो, पण ते खऱ्या बुरशीच्या कुळातलं नाही, पाण्यातल्या जीवांच्या जवळचं आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. कोकोपीटमध्ये पाणी साचून राहिलं की ते या कप्प्यातून त्या कप्प्यात, गळणाऱ्या पाण्यातून या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये जातात. कोवळ्या रोपाच्या दांडीला अजून लाकडी धागा आलेला नसतो, आणि कोकोपीटच्या पृष्ठभागाशी ओल सगळ्यात जास्त वेळ टिकते. म्हणून वार नेमका तिथं बसतो. दोन-तीन खरी पानं आली, दांडी थोडी कडक झाली की धोका बराच उतरतो. म्हणजे पहिले दोन आठवडे सांभाळले की निम्मी लढाई होते.

याच पिथियमचा अजून एक प्रकार वरून दिसतच नाही. दाणा उगवण्याआधीच मातीत सडतो आणि आपण म्हणतो बियाणं खराब होतं. असा रिकामा कप्पा दिसला तर काडीनं उकरून बघा. दाणा दाबल्यावर पिचका, पाणचट निघाला किंवा कोंब फुटून तपकिरी झालेला असला तर ती कोलमडच आहे, जमिनीच्या आतली. दाणा टणक, कोरडा निघाला तर मग उगवणीचा विषय. बियाणं कंपनीशी भांडायला जायच्या आधी एवढं उकरून घ्यावं.

आता औषधाचं. कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशीवरचं औषध आहे, पिथियमवर ते चालत नाही. त्यानं दोनदा आळवणी केली त्याचा पिथियमला फायदाच झाला, कारण प्रत्येक आळवणीला ट्रेमध्ये पाणी पडलं. कोरडं व्हायला हवं होतं तेव्हा ओल वाढली. दुकानातून "बुरशीचं औषध द्या" म्हणून आणलं की असं होतं. रायझोक्टोनिया नावाची दुसरी बुरशी असते, तिच्यावर कार्बेन्डाझिमचा उपयोग होतो. ती ओळखायची खूण वेगळी आहे. तिच्यात बूड पाणचट होत नाही, कोरडं, तांबूस तपकिरी होतं, चिमटा काढल्यासारखं आत बसतं, आणि रोप कधीकधी तारेसारख्या दांडीवर कितीतरी दिवस उभंही राहतं. तिला पिथियमएवढं पाणी लागत नाही, जुन्या मातीतून आणि न धुतलेल्या ट्रेमधून ती येते. पुतण्याच्या शेडात ती नव्हती, सगळी बुडं पाणचटच होती.

तरी खात्री करायला एक घरगुती गोष्ट केली. संशय आलेली तीन रोपं उपटून, ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घरात ठेवली. तसंच लांबट ट्रेमधल्या तीन रोपांचंही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पिशवीत बुडाभोवती कापसासारखी पांढरी वाढ आली होती, दुसरीत काहीच नाही. पण हे चोवीस तासांच्या आतच बघायचं. दोन-तीन दिवस ठेवलं तर मेलेल्या कुठल्याही पाल्यावर काहीतरी उगवतं, त्याचा अर्थ लावू नये. आणि पांढरी वाढ बघून बुरशीचं नाव सांगता येत नाही. नक्की नाव हवं असेल तर रोपं मुळांसकट कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात न्यावी लागतात.

टिश्यू पेपरापेक्षा माझा भरवसा मोजणीवर जास्त आहे. एक रोगट ट्रे आणि एक लांबट ट्रे बाजूला घेतला, पडलेल्या रोपांच्या घोळक्याभोवती सुतळी फिरवली आणि आकडा लिहिला. रोगट ट्रेमध्ये बाराव्या दिवशी संध्याकाळी १७ रोपं पडलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी २९, संध्याकाळी ४१. नवीन पडलेली सगळी सुतळीच्या लगतच्याच कप्प्यांतली. रोग असा एका ठिकाणाहून गोल पसरत जातो, तेलाचा डाग कागदावर पसरावा तसा. लांबट ट्रेमध्ये संध्याकाळी २२ वाकलेली होती, सकाळीही २२च. ती एका घोळक्यात नव्हती, ट्रेभर विखुरलेली, मधल्या कप्प्यांत थोडी जास्त. कडेच्या रांगेतली रोपं तर बऱ्यापैकी बुटकी आणि उभी होती, कारण त्यांना एका बाजूनं उजेड मोकळा मिळतो. पूर्ण ट्रे एकसारखा लांबट आणि कडा बुटक्या असं चित्र असलं की तो उजेडाचा प्रश्न समजावा.

उजेड किती कमी होता, तेही बघितलं. पोराच्या मोबाईलमध्ये उजेड मोजायचं ॲप होतं. त्या ॲपचा आकडा खरा मानू नये, पण एकाच मोबाईलनं आत आणि बाहेर मोजून दोन्हींची तुलना करायला ते पुरतं. बाहेर ढगात साधारण १८ हजार लक्स, आत ट्रेवर ३ हजार. कडक उन्हात भर दुपारी बाहेर लाखाच्या आसपास असतो. म्हणजे ढगानं आधीच पाचवा हिस्सा ठेवला होता आणि त्या पाचव्या हिश्शाचा सहावा हिस्सा रोपाला मिळत होता. ७५ टक्क्यांची नेट चार आण्यांचा उजेड खाली सोडते आणि मळकट पॉलिथिन त्यातलाही काही खातं. मोबाईल नसला तर दुपारी ट्रेवर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट असली तर उजेड पुरेसा. पुसट असली तर बेताचा. सावली पडतच नसली, तर बाहेर जाऊन तसाच हात धरा. बाहेर पडते आणि आत नाही, तर दोष छपराचा. बाहेरही पडत नसली तर ढगाचा, आणि तेव्हा छपरानं अजून एक कणही खाता कामा नये.

उन्हाळ्यात नेट लावायची आणि पावसाळ्यात ती काढायची, एवढं साधं काम आपल्याकडं राहून जातं. नेट बांधताना जेवढी घाई असते तेवढी सोडताना नसते.

पण सगळा दोष नेटचाही नव्हता. रोपांची तीन इंचांची दांडी बघून मला शंका आली, म्हणून विचारलं की थप्पी कधी फोडली? दाणे टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं झाकतात, आतली ऊब आणि ओल टिकून उगवण एकसारखी होते, ते बरोबरच आहे. पण दाण्यानं मान वर काढली की अंधार एक दिवसही जास्त नको. अंधारात कोंबाला वाटतं आपण अजून मातीच्या खालीच आहोत, म्हणून तो पानं न उघडता नुसता लांब होत राहतो. पुतण्यानं थप्पी सातव्या दिवशी सकाळी फोडली होती, पावसात शेडवर जाणं झालं नव्हतं म्हणून. उबेत टोमॅटो तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान काढायला लागतो. म्हणजे दोन-तीन दिवस कोंब काळ्या प्लास्टिकखाली पळत होते. तिथं वाढलेली लांबी पुढं कितीही उजेड दिला तरी कमी होत नाही, फक्त पुढची वाढ आखूड होते. म्हणून तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थप्पीतला वरचा, मधला आणि खालचा असे तीन ट्रे बघायचे. दहा कप्प्यांत एक-दोन वाकड्या माना दिसल्या की थप्पी फोडायची, सगळे उगवायची वाट बघायची नाही. मिरचीला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून तिची थप्पी लोक विसरतात आणि तिथं हे जास्त होतं.

बघून झाल्यावर आम्ही साठही ट्रेंची वाटणी केली. प्रत्येक ट्रेमधली तीन-चार वाकलेली रोपं बुडाशी दाबून बघायची, एवढाच नियम. १४ ट्रे रोगट निघाले, सगळे पूर्वेच्या पागोळीकडचे. ३८ नुसते लांबट. ८ ट्रे पश्चिमेच्या कडेचे, जिथं नेट फाटलेली होती, ते चांगले. फाटक्या नेटखालचे ट्रे सगळ्यात चांगले निघाले म्हणून पुतण्या हसायला लागला, तेवढं बरं वाटलं.

रोगट १४ ट्रे आधी वेगळे काढून शेडाच्या दुसऱ्या टोकाला, उताराच्या खालच्या अंगाला नेले. खालच्या अंगाला यासाठी की त्यांचं गळलेलं पाणी बाकीच्यांकडं जाऊ नये. विटांवर बांबू टाकून ट्रे त्यावर ठेवले, म्हणजे बुडातून हवा खेळते आणि कप्प्याच्या भोकातून पाणी निथळतं. पडलेली रोपं कोकोपीटच्या गोळ्यासकट काढली आणि त्यांच्या भोवतीची उभी दिसणारी एक-एक रांगही काढली. ही उभी रांग काढताना जीव जातो, पण मोजणीत दिसलंच होतं की सकाळी पडणारी रोपं त्याच रांगेतली असतात. काढलेलं सगळं पिशवीत भरून लांब खड्ड्यात पुरलं. उकिरड्यावर टाकलं नाही, तेच खत पुढच्या वर्षी वाफ्यात येतं. उसवलेला जोड चिकटवला. आणि पाणी बंद.

पाणी किती दिवस बंद, हे दिवसात सांगता येत नाही. कोकोपीटला वाफसा यावा लागतो. वरचा रंग काळपट तपकिरी आहे तोवर पाणी नाही, तो फिकट झाला आणि ट्रे उचलताना हलका लागला की मग सकाळी द्यायचं, ऊन असो नसो. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर बुडाशी राहतं. त्या ढगाळ दिवसांत आम्ही रोगट ट्रेला दीड दिवस थेंबही दिला नाही आणि रोपं सुकली नाहीत. ढगात रोप पाणी पितंच कमी, हे आपण विसरतो आणि उन्हाळ्याच्या सवयीनं दिवसातून दोनदा झारी फिरवतो.

वरचा थर सुकल्यावर एकच आळवणी केली, मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र येतं ते, लिटरला २ ग्रॅम. यातलं मेटॅलॅक्झिल पिथियमवर चालतं. आळवणी वरचा थर भिजेल एवढीच, खालून गळेपर्यंत नाही. पॅकवरचं लेबल वाचूनच प्रमाण धरा, वेगवेगळ्या मिश्रणांची टक्केवारी वेगळी असते. पडलेलं रोप या औषधानं उठत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. औषध फक्त अजून न लागलेल्या रोपांसाठी असतं. आणि ट्रायकोडर्मा वापरणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. ट्रायकोडर्मा आधीच, कोकोपीट भरताना किंवा बियाण्याला लावून द्यायचं असतं. रोप पडायला लागल्यावर टाकलेलं ट्रायकोडर्मा वेळेवर पोचत नाही. त्यावर लगेच रासायनिक बुरशीनाशक ओतलं, विशेष करून कार्बेन्डाझिम, तर ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, ती आधी मरते.

चौदा ट्रेमध्ये दोन दिवसांनी नवीन पडझड जवळजवळ थांबली. १,४५६ कप्प्यांतून ७९० रोपं हाती लागली.

लांबट ३८ ट्रेचं काम उलट होतं. तिथं औषध काहीच नाही. नेट त्याच संध्याकाळी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी पॉलिथिन बाहेरून फडक्यानं धुतलं. मग त्याच मोबाईलनं ट्रेवर १२-१३ हजार दाखवले. बाहेर ढग तेवढेच होते, तरी आत चौपट उजेड झाला. ट्रेमधलं अंतर वाढवलं, दोन ट्रेमध्ये वीतभर जागा. रोपांची पानं एकमेकांवर चढली की शेजाऱ्याच्या सावलीतून सुटायला प्रत्येक रोप अजून उंच होतं आणि सगळेच लांबट होतात. खत थांबवलं. फिकट रोप बघून १९:१९:१९ फवारायचा मोह होतो, पण उजेड नसताना नत्र दिलं तर रोप अजून लुसलुशीत आणि लांब होतं, आणि मऊ दांडी बुरशीला सोपी जाते.

चौदाव्या दिवशी ऊन पडलं. तेव्हा एक घाई टाळावी लागते, ती म्हणजे ट्रे सरळ उन्हात नेऊन ठेवायची. अंधारात वाढलेलं पान पातळ असतं, दुपारच्या उन्हात ते पांढरं पडून करपतं. पहिले दोन दिवस सकाळी दहापर्यंतचं ऊन, मग परत छपराखाली. तिसऱ्या दिवशी बारापर्यंत. पहिल्या दिवशीच दुपारपर्यंत वाकलेल्या रोपांचे शेंडे वर वळलेले दिसले. दांडी वाकडीच राहते, पण शेंडा सरळ उभा होतो. कोलमडीनं पडलेलं रोप असं कधीच करत नाही, त्यामुळं ज्याला बूड दाबून समजत नाही त्यानं दोन तास उजेड देऊन बघावं. एक जुनी पद्धतही वापरली. पानं कोरडी असताना दिवसातून एकदा-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून काठी हलकी फिरवायची, आठ-दहा वेळा. वाऱ्यानं हलल्यासारखं झालं की रोप बुटकं आणि दांडी जाड होते. मात्र रोगट ट्रेवर किंवा ओल्या पानांवर ही काठी अजिबात फिरवू नये, रोग आपल्याच हातानं पसरतो.

लांबट ट्रेमध्येही रोज सकाळी बुडं दाबून बघत होतो. लांबट दांडी ओल्या कोकोपीटवर टेकली की तिथून पिथियम आत शिरतं. दोन ट्रेमध्ये तसं सापडलं, गोळे काढून टाकले. म्हणजे दोन्ही त्रास एकाच ट्रेमध्ये असू शकतात. तेव्हा आधी पाणी तोडा, मग उजेड वाढवा. उजेड वाढला की कोकोपीटही लवकर वाफशाला येतं, त्यामुळं त्याचा दोन्हीकडं उपयोग होतो.

३८ ट्रेमधून ३,८०२ रोपं लावणीजोगी निघाली, चांगल्या आठमधून ८१२. रोगट ट्रेमधली ७९० धरून एकूण ५,४०४. एकराला ४०४ कमी पडली, ती माझ्याकडच्या चार ट्रेमधून भरून काढली. लांबट रोपं लावताना टोमॅटोची एक सवय कामाला आली. टोमॅटोच्या दांडीला मातीत गेल्यावर नवीन मुळं फुटतात. म्हणून रोप बीजपानांपर्यंत खोल लावलं, फार लांब होतं ते थोडं तिरपं निजवून लावलं. मिरचीला ही युक्ती टोमॅटोसारखी लागू होत नाही, तिचं रोप मुळात लांबट होऊच देऊ नये. आणि कलमी टोमॅटो किंवा कलमी वांगं असेल तर कलमाचा जोड कधीही मातीत गाडू नका. वरच्या भागाला मुळं फुटली तर खालच्या खोडाची रोगाशी लढायची ताकद वाया जाते आणि कलमाचे पैसे पाण्यात.

ते १४ ट्रे अजून त्याच्याकडं आहेत. पुढच्या वेळी वापरायच्या आधी काय करायचं ते लिहून दिलंय. आधी ब्रशनं घासून भोकातला आणि कोपऱ्यातला सगळा कोकोपीट काढायचा, कारण घाण असली की ब्लीचचा जोर तिच्यातच संपतो. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात ट्रे अर्धा तास बुडवून ठेवायचे, स्वच्छ पाण्यानं धुवायचे आणि कोरडे करून उलटे रचायचे, जमिनीवर नाही. त्यातला कोकोपीट परत भरायचा नाही, तो लांबच्या बांधावर पसरून टाकायचा. फ्लॉवरसाठी तो हेच ट्रे श्रावणात भरणार आहे. नेट यंदा त्यानं मे संपतानाच गुंडाळून माळ्यावर टाकली.